रिकाम्या हॉपरमध्ये दीड किलो: चार रेझिस्टरांच्या गुणोत्तराचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पशुखाद्य कारखान्यात मका, पेंड, कोंडा, मीठ आणि खनिज मिश्रण एकाच हॉपरमध्ये एकामागून एक मोजून घेतलं जात होतं. हॉपर एका 500 किलोच्या एस-टाइप लोडसेलला टांगलेला होता. वजनाचं पॅनेल एका छोट्या वर्कशॉपने बनवलं होतं. हे लोक बाजारातून तयार अँप्लिफायर मॉड्यूल न घेता स्वतःचं कार्ड बनवतात. ती पद्धत मला मनापासून आवडते, कारण कार्ड बिघडलं तर ते दुरुस्त करणारा माणूस त्यांच्याकडे असतो. कार्डाचं डिझाइन एका तरुण इंजिनिअर बाईंनी केलं होतं. तक्रार आल्यावर वर्कशॉपच्या मालकांनी मला सल्ल्यासाठी बोलावलं.

आधी कार्डाची रचना सांगतो. लोडसेलला 10 व्होल्ट एक्सायटेशन होतं आणि त्याची संवेदनशीलता 2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट होती. म्हणजे पूर्ण 500 किलोला ब्रिजमधून फक्त 20 मिलिव्होल्ट निघतात, एका किलोला 40 मायक्रोव्होल्ट. हा सिग्नल वाढवण्यासाठी ओपी07 जातीचे तीन ऑप-अँप वापरून इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर बांधला होता. पुरवठा अधिक-उणे 15 व्होल्टचा होता.

या रचनेचं सूत्र पाठ करण्यापेक्षा ते कुठून येतं हे पाहिलेलं बरं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच ठरला. पहिल्या टप्प्यात दोन ऑप-अँप असतात. दोघांचे उणे पाय RG या एका रेझिस्टरच्या दोन टोकांना जोडलेले असतात. ऑप-अँप आपले दोन्ही इनपुट एकाच व्होल्टेजवर राखतो, त्यामुळे RG वर नेमका दोन इनपुटमधला फरक पडतो. त्या फरकामुळे RG मधून जो करंट वाहतो त्याला ऑप-अँपच्या इनपुटात जायला वाट नाही, म्हणून तोच करंट वरच्या आणि खालच्या R1 मधून जातो. तिसरा ऑप-अँप दोन R2 आणि दोन R3 अशा चार रेझिस्टरांच्या मदतीने दोन्ही आउटपुटांची वजाबाकी करतो.

```
G = (1 + 2·R1/RG) · (R3/R2)
```

इथे R1 10 किलोओहम, RG 100 ओहम, आणि वजाबाकीचे चारही रेझिस्टर 10 किलोओहम होते. म्हणून गेन 201. पूर्ण वजनाला साधारण 4 व्होल्ट, एका किलोला सुमारे 8 मिलिव्होल्ट. सगळे रेझिस्टर एक टक्क्याचे, मेटल फिल्म, 100 पीपीएम प्रति अंश. कुठल्याही दुकानात मिळणारे.

अडचण

सकाळी पाळी सुरू होताना ऑपरेटर रिकाम्या हॉपरवर झिरो मारायचा. दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला तोच रिकामा हॉपर दीड किलोच्या वर दाखवायचा. संध्याकाळी आकडा परत शून्याजवळ यायचा. मक्याच्या मापात दीड किलोने काही बिघडत नाही, पण खनिज मिश्रण एका बॅचला जेमतेम काही किलो लागतं. तिथे शून्यच दीड किलोने सरकलं तर त्या वजनाला अर्थ राहत नाही.

पॅनेलची पत्र्याची पेटी शेडच्या पश्चिमेकडच्या भिंतीला होती. आतलं तापमान सकाळच्या 24 अंशांवरून दुपारी 46 पर्यंत जात होतं. म्हणजे हा तापमानाचा खेळ आहे हे लगेच कळलं, पण तापमानाने नेमकं काय सरकतं आहे हे त्यावरून कळत नव्हतं. संशय तिघांवर होता: लोडसेल, ऑप-अँपचा ऑफसेट आणि रेझिस्टर.

मालकांचा पहिला संशय लोडसेलवर होता आणि ते लोडसेल बदलायलाही तयार झाले होते. मी त्यांना थांबवलं. चांगल्या लोडसेलचं शून्य दहा अंशांना पूर्ण क्षमतेच्या 0.03 टक्क्यांच्या आसपास सरकतं. 500 किलोला हे 0.15 किलो होतं, आणि वीस-बावीस अंशांना फार तर 0.3 किलो. उरलेला सव्वा किलो दुसरीकडून येत होता. गेन बदलतो आहे हा संशय तर कागदावरच खोडता आला. गेन बदलला तर मुख्यतः भरलेला हॉपर चुकेल, रिकामा फारसा नाही.

निदान

ऑप-अँप आणि रेझिस्टर यांना वेगळं करायला एक सोपी चाचणी आहे, आणि इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर बांधणाऱ्या प्रत्येकाने ती करावी असं मला वाटतं.

ब्रिजचे दोन्ही सिग्नल वायर एक्सायटेशनच्या मध्यावर, म्हणजे 5 व्होल्टवर बसलेले असतात. अँप्लिफायरला हवा आहे तो काही मिलिव्होल्टचा फरक, पण दोन्ही पायांवर एकसारखे 5 व्होल्ट चढलेले आहेत. हाच कॉमन-मोड. तो किती गाळला जातो हे मोजण्यासाठी आम्ही लोडसेल काढला, एक्सायटेशनवर एक-एक किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून मध्यबिंदू तयार केला आणि अँप्लिफायरचे दोन्ही इनपुट एकत्र करून त्या बिंदूला जोडले. फरक शून्य, कॉमन-मोड 5 व्होल्ट. आउटपुटला 37 मिलिव्होल्ट मिळाले. मग तेच दोन्ही इनपुट ग्राउंडला जोडले. फरक शून्य, कॉमन-मोडही शून्य. आता 4 मिलिव्होल्ट.

ते 4 मिलिव्होल्ट ऑप-अँपच्या ऑफसेटचे. उरलेले 33 मिलिव्होल्ट कॉमन-मोडमुळे आलेले. किलोत सांगायचं तर चार किलो, आणि ते रोज सकाळी झिरो मारताना गुपचूप वजा होत होते.

त्यानंतर कार्ड एका खोक्यात ठेवून आत बल्ब लावला आणि तापमान वीस अंशांनी वाढवलं. इनपुट ग्राउंडला असताना आउटपुट 4 वरून 5.5 मिलिव्होल्टवर गेलं. इनपुट 5 व्होल्टवर असताना ते 37 वरून 48 वर गेलं. म्हणजे 11 मिलिव्होल्टच्या सरकण्यात ऑप-अँपचा वाटा दीड मिलिव्होल्टचा आणि रेझिस्टरांचा साडेनऊ मिलिव्होल्टचा. अकरा मिलिव्होल्ट म्हणजे जवळपास 1.4 किलो. साइटवरच्या तक्रारीशी हिशेब जुळला.

33 मिलिव्होल्ट कुठून आले

पहिल्या टप्प्यात दोन्ही इनपुट एकत्र 5 व्होल्टवर गेले तर RG च्या दोन्ही टोकांना 5 व्होल्टच असतात. RG मधून करंट वाहतच नाही, म्हणून दोन्ही R1 वरही काही पडत नाही, आणि पहिल्या टप्प्यातून 5 व्होल्ट जसेच्या तसे बाहेर येतात. दोन R1 एकमेकांशी अजिबात जुळत नसले तरी इथे काही फरक पडत नाही. त्या न जुळण्याने फक्त गेन थोडा बदलतो: 2·R1 च्या जागी दोघांची बेरीज येते. कॉमन-मोड वाढवायचा नाही पण फरक 201 पटीने वाढवायचा, हे पहिल्या टप्प्याचं खरं काम.

कॉमन-मोड गाळायचं काम एकट्या शेवटच्या टप्प्याचं असतं. तिथे दोन शाखा आहेत. एका शाखेत R3/R2 या गुणोत्तराने वजाबाकी होते, दुसऱ्या शाखेत R3'/R2' ने सिग्नल विभागला जातो. दोन्ही गुणोत्तरं तंतोतंत सारखी असतील तर 5 व्होल्टमधून 5 व्होल्ट वजा होऊन शून्य उरतं. एका गुणोत्तरात 1 च्या वर a इतकी चूक आणि दुसऱ्यात b इतकी चूक असेल, तर

```
Acm ≈ (b − a) / 2
```

एवढा कॉमन-मोड आउटपुटला झिरपतो. प्रत्येक रेझिस्टर t ने चुकू शकत असेल तर सगळ्यात वाईट प्रसंगी Acm हा 2t होतो. एक टक्क्याच्या रेझिस्टरांना 0.02.

आम्ही त्या कार्डावरचे चारही रेझिस्टर सुटे करून मोजले. वजाबाकीच्या शाखेत 10.03 आणि 9.95 किलोओहम, दुसऱ्या शाखेत 9.99 आणि 10.04. चारही आपल्या एक टक्क्याच्या हद्दीत व्यवस्थित बसलेले. पहिलं गुणोत्तर 0.9920, दुसरं 1.0050. फरकाचं अर्ध 0.0065. त्याला 5 व्होल्टने गुणलं की 32.5 मिलिव्होल्ट. मीटरवर 33 आले होते. हा हिशेब टेबलावर असा जुळला तेव्हा इंजिनिअर बाई म्हणाल्या, "सर, म्हणजे रेझिस्टर खराब नाहीतच." नव्हतेच. प्रत्येक रेझिस्टर एकेकटा चांगला होता, पण या जागी महत्त्व चौघांच्या आपसातल्या नात्याला असतं.

या कार्डाचा कॉमन-मोड रिजेक्शन रेशो म्हणजे 201 भागिले मीटरच्या 33 मिलिव्होल्टवरून येणारा 0.0066, साधारण तीस हजार, म्हणजे 90 डेसिबलच्या जवळ. आकडा ऐकायला भारदस्त आहे. पण 5 व्होल्टला तीस हजारांनी भागलं की 165 मायक्रोव्होल्ट येतात, आणि आपला एक किलो 40 मायक्रोव्होल्टचा आहे.

कोणते पर्याय तोलले

मालकांनी सुचवलेला पहिला पर्याय सॉफ्टवेअरचा होता: प्रत्येक बॅचआधी इंडिकेटरने आपोआप झिरो मारावा. बऱ्याच ठिकाणी हे चालतं आणि तिथे मी तेच सुचवलं असतं. इथे मात्र खाद्यात मळी होती. हॉपरच्या भिंतींना माल चिकटतो, आणि तो किती चिकटला हे ऑपरेटर रिकाम्या हॉपरच्या आकड्यावरूनच ओळखून हॉपर ठोकतो. आपोआप झिरो मारला तर चिकटलेला मालही शून्यात जमा होईल. म्हणून तो पर्याय बाद केला.

दुसरा पर्याय गेन वाढवण्याचा. गेन वाढला की रिजेक्शन रेशो वाढतो हे खरं, पण त्याचं कारण नीट पाहावं. झिरपणारा कॉमन-मोड आउटपुटला तेवढाच राहतो, फक्त सिग्नल मोठा झाल्यामुळे त्याचं किलोतलं मोल कमी होतं. गेन 400 केला असता तर चूक निम्म्यावर आली असती, पण पूर्ण वजनाला आउटपुट 8 व्होल्ट झालं असतं आणि पुढच्या एडीसीची हद्द 5 व्होल्टची होती.

तिसरा पर्याय सगळ्यांच्याच डोक्यात होता: R3' सोबत एक छोटा ट्रिमपॉट लावायचा, दोन्ही इनपुट 5 व्होल्टवर ठेवून आउटपुट शून्य करायचं आणि वर रंगाचा थेंब टाकून बंद करायचं. पुस्तकांत हाच उपाय असतो. बाईंनी एका कार्डावर तो करूनही पाहिला. 33 मिलिव्होल्ट गेले. मग कार्ड पुन्हा बल्बच्या खोक्यात ठेवलं, आणि आउटपुट पूर्वीसारखंच दहा मिलिव्होल्टच्या आसपास सरकलं.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हा होता. ट्रिमपॉट एका तापमानाला गुणोत्तरं जुळवतो. त्याने 33 मिलिव्होल्ट जातात, पण ते तर सकाळचा झिरोही रोज फुकटात घालवत होता. चारही रेझिस्टर तापल्यावर आपापल्या वेगाने बदलतात, कुणी 60 पीपीएमने, कुणी उलट्या दिशेने 40 ने, आणि ट्रिमपॉटला त्याचा पत्ता नसतो. आमच्या मापात साडेनऊ मिलिव्होल्ट, 5 व्होल्ट आणि वीस अंश यांवरून Acm अंशाला 95 पीपीएमने सरकत होता. 100 पीपीएमच्या रेझिस्टरांना ते अंशाला 200 पर्यंत जाऊ शकतं, म्हणजे हे कार्ड अजून नशिबाचं होतं. मीटर घेऊन रेझिस्टर निवडून जोड्या लावण्याची गतही तीच. खोलीच्या तापमानाला जुळलेली जोडी 46 अंशांना जुळलेलीच राहील याची काही हमी नाही.

चौथा पर्याय मला स्वतःला फार आवडतो: कॉमन-मोडच काढून टाकायचा. एक्सायटेशन शून्य ते 10 ऐवजी उणे 5 ते अधिक 5 केलं तर ब्रिजचा मध्य ग्राउंडवर येतो आणि गाळायला काही उरतच नाही. पण त्यासाठी दोन तितकेच स्थिर संदर्भ लागतात. साधे तीन पायांचे रेग्युलेटर लावले तर त्यांचं तापमानाबरोबर सरकणं थेट वजनात उतरतं, कारण या पॅनेलमध्ये एडीसी एक्सायटेशनशी बांधलेला नव्हता. एक आजार काढून दुसरा घेतल्यासारखं झालं असतं.

उरले दोन. एकतर 0.1 टक्क्याचे, 25 पीपीएमचे सुटे रेझिस्टर. वाईटात वाईट प्रसंगी Acm अंशाला 50 पीपीएमने सरकतो, म्हणजे वीस अंशांना 5 मिलिव्होल्ट, सहाशे ग्रॅम. सुधारणा होते, पण खनिज मिश्रणाला ती पुरत नाही. किंवा मग ज्यात चारही रेझिस्टर एकाच तुकड्यावर बनलेले असतात असा भाग. तिथे प्रत्येकाचा तापमान-गुणांक किती हे गौण ठरतं. चौघं एकाच वेळी, एकाच दिशेने, जवळपास सारख्याच प्रमाणात बदलतात आणि गुणोत्तर टिकतं.

काय केलं

नव्या कार्डावर तिन्ही ऑप-अँप आणि त्यांचे रेझिस्टर काढून आयएनए128 हा एकच चिप बसवला. आत रचना तीच आहे, तीन ऑप-अँपची. आतले दोन R1 25-25 किलोओहमचे आणि शेवटचा टप्पा लेझरने जुळवलेला, म्हणून सूत्र एवढंच उरतं:

```
G = 1 + 50000/RG
```

249 ओहमला गेन 201.8 येतो, जवळजवळ जुन्याइतकाच, त्यामुळे इंडिकेटरचं कॅलिब्रेशन थोडंच हलवावं लागलं. 100 च्या वर गेनला या चिपचा रिजेक्शन रेशो किमान 120 डेसिबल आहे. 5 व्होल्टचे दहा लाख भाग केले की 5 मायक्रोव्होल्ट, म्हणजे सव्वाशे ग्रॅम, तेही बहुतांशी स्थिर आणि झिरोत जाणारे.

मालकांना किमतीची काळजी होती आणि ती रास्त होती. या चिपच्या किमतीत कितीतरी ओपी07 येतात. "साहेब, दहा पॅनेलांमागे एक साइट-व्हिजिट वाचली तरी हे भरून निघतं का ते बघा," असं त्यांच्या सर्व्हिसच्या माणसानेच त्यांना सांगितलं, आणि तिथे निर्णय झाला. एक अट मी घातली. बाजारात नकली चिप मिळतात, म्हणून प्रत्येक कार्डावर दोन्ही इनपुट आधी ग्राउंडला आणि मग 5 व्होल्टला जोडून आउटपुटमधला फरक वहीत लिहायचा. 1 मिलिव्होल्टच्या हिशेबात बसायला हवा तिथे वीस आले तर चिप परत करायचा.

कारखान्यात नवं कार्ड पोचेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून पॅनेलची पेटी सावलीच्या भिंतीवर हलवली आणि जेवणाच्या सुट्टीनंतर, हॉपर ठोकून साफ केल्यावर, हाताने एकदा झिरो मारायला सांगितलं.

परिणाम

बल्बच्या खोक्यात नवं कार्ड वीस अंशांनी तापवल्यावर 5 व्होल्ट कॉमन-मोडला आउटपुट 1 मिलिव्होल्टपेक्षा कमी सरकलं. साइटवर दुपारी रिकामा हॉपर 0.3 किलोच्या आत राहू लागला, आणि हे लोडसेलच्या स्वतःच्या सरकण्याशी जुळतं. तिथून पुढे जायचं असेल तर आता लोडसेल बदलण्यात अर्थ आहे, आधी नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

डिझाइनच्या वेळी सगळं लक्ष गेनवर होतं. रेझिस्टर निवडताना "गेन एक टक्क्याने चुकला तरी कॅलिब्रेशनमध्ये जाईल" हा विचार झाला, आणि गेनपुरता तो अगदी बरोबर होता. R1 आणि शेवटचे चार यांची कामं वेगळी आहेत हे नकाशावर वेगळं लिहिलं असतं, तर जास्तीचा खर्च फक्त त्या चारांवर करता आला असता. सुटे ऑप-अँपच वापरायचे असतील तर आजही मी तोच रस्ता सांगेन: R1 साधे ठेवा आणि शेवटच्या टप्प्याला एकाच तुकड्यावरचं थिन-फिल्म रेझिस्टर नेटवर्क लावा. नेटवर्कच्या माहितीपत्रकात एकेकाच्या टॉलरन्सपेक्षा आपसातलं ट्रॅकिंग पाहा.

दुसरं, पहिल्या नमुन्याची चाचणी खोलीच्या तापमानाला आणि लोडसेल जोडूनच झाली होती. लोडसेल जोडलेला असताना ऑफसेट, कॉमन-मोड आणि ब्रिजचं स्वतःचं असंतुलन एकाच आकड्यात मिसळतात आणि झिरो मारला की तिन्ही एकदम गायब होतात.

एक काम मात्र अजून बाकी आहे. नव्या कार्डावर RG बाहेर आहे आणि पहिल्या खेपेत तो 100 पीपीएमचाच लावला गेला. वीस अंशांना त्याने गेन 0.2 टक्के हलतो, म्हणजे 250 किलोच्या बॅचला अर्धा किलो. पुढच्या खेपेला 25 पीपीएमचा RG ठरला आहे. पण चिपच्या आतले 50 किलोओहमही तापमानाबरोबर बदलतात आणि बाहेरच्या RG शी त्यांचं काही नातं नाही. त्यामुळे हॉपरला प्रमाणित वजनं टांगून सकाळी आणि दुपारी असं दोनदा वाचन घ्यायचं ठरलं आहे, आणि ते उन्हाळ्यातच घ्यावं लागेल.